मथळ्यात कोण उरते? खैरलांजीची बातमी आणि दोन ओळींचा सारांश

अत्याचाराच्या बातमीतील जात कुठे गळते, असे विचारले की बहुतेक कार्यकर्ते उत्तर देतात : संपादकाच्या मनात. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जात गळते ती प्रत्यक्षात एका कामाच्या टप्प्यावर. वार्ताहराने पाठवलेला सहाशे-सातशे शब्दांचा मजकूर उपसंपादकासमोर येतो आणि त्याला त्यातून सात-आठ शब्दांचा मथळा व दोन ओळींचा सारांश काढायचा असतो. या टप्प्यावर शंभरातले नव्वद तपशील जाणारच. ते जाऊ नयेत अशी मागणी करणे निरर्थक आहे. मागणी करायची तर ती, कोणते दहा राहावेत आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावेत, याबद्दल करावी लागेल. आपली पत्रके, निवेदने, विहारातले वार्ताफलक आणि आता मोबाईलवरून पुढे पाठवले जाणारे चार शब्द हेही याच कामाचे प्रकार आहेत. म्हणून ही कसोटी आपल्यालाही लागू आहे.

या लेखात हे काम एकाच बातमीवर करून पाहायचे आहे. बातमी खैरलांजीची. कुडव्याच्या वाचकाला हे गाव परके नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत कुडवा आणि खैरलांजी ही दोन्ही गावे भंडारा या एकाच जिल्ह्यात होती. गोंदियाहून नागपूरकडे जाणारी गाडी तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड करीत जाते; खैरलांजी त्याच पट्ट्यातल्या मोहाडी तालुक्यात आहे. तरीही २००६ च्या ऑक्टोबरात या पट्ट्यातल्या अनेकांना या गावात नेमके काय घडले ते कळायला बरेच दिवस लागले. बातमी छापली गेली नव्हती असे नाही. छापली गेली होती. पण तिच्या आखूड रूपात जे उरले होते, त्यावरून घटना ओळखू येत नव्हती.

१

आधी लांब बातमीत काय होते ते मांडू. खैरलांजीत भोतमांगे हे बौद्ध कुटुंब राहत होते. भैयालाल, त्यांच्या पत्नी सुरेखा, मुलगी प्रियांका, मुलगे सुधीर आणि रोशन. गावात दलितांची घरे बोटांवर मोजण्याइतकी. वस्ती मुख्यतः कुणबी आणि कलार या जातींची. कुटुंबाची स्वतःची शेती होती आणि त्या शेतातून जाणाऱ्या रस्त्यावरून गावातल्या काहींशी जुना वाद होता. मुले शिकत होती.

३ सप्टेंबर २००६ रोजी जवळच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली. हे पोलीस पाटील भोतमांग्यांचे नातलग आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे गृहस्थ. या प्रकरणात सुरेखा आणि प्रियांका या मायलेकींनी मारणाऱ्यांची ओळख सांगणारा जबाब पोलिसांना दिला. आरोपींना अटक झाली आणि २९ सप्टेंबरला त्यांची जामिनावर सुटका झाली. त्याच दिवशी संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. आई, मुलगी आणि दोन्ही मुले मारली गेली. भैयालाल घरात नव्हते. त्यांनी लपून पाहिले आणि ते वाचले. पुढे मृतदेह कालव्यात सापडले.

एवढा मजकूर सुमारे सव्वाशे शब्दांचा झाला. यातून सात-आठ शब्द उरवायचे आहेत.

वृत्तपत्राच्या कचेरीतली पद्धत अशी की बातमी उलट्या पिरॅमिडसारखी लिहितात. महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली. जागा कमी पडली तर उपसंपादक खालून कापतो. ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेले असते. 'काय घडले' ते वर आणि 'त्याआधी काय होते' ते खाली, अशी ती मांडणी आहे. चोरीच्या किंवा अपघाताच्या बातमीत याने फारसे बिघडत नाही. अत्याचाराच्या बातमीत मात्र आधी जे होते तेच घटनेचा अर्थ असते. ३ सप्टेंबरची मारहाण, मायलेकींचा जबाब, जामीन, कुटुंबाची जात हे सगळे 'पूर्वपीठिका' म्हणून खाली जाते. खालून कापत आले की उरते ते फक्त असे : चौघे मेले, कालव्यात मृतदेह सापडले. कापणाऱ्याचा हेतू वाईट असावा लागत नाही. कात्री कुठून चालवायची याची सवयच पुरेशी असते.

२

आता तीन मथळे करून पाहू. हे कोणत्याही वृत्तपत्रातून उचललेले नाहीत. मुद्दा दाखवण्यासाठी रचलेले आहेत. पण त्यांचा साचा रोजचा आहे.

पहिला : 'अनैतिक संबंधांतून चौघांची हत्या'.
दुसरा : 'जमिनीच्या वादातून एकाच कुटुंबातील चौघांचा खून'.
तिसरा : 'साक्षीदार दलित मायलेकींसह चौघांना जमावाने ठार मारले'.

पहिल्या दोन मथळ्यांत 'तून' हा प्रत्यय आहे. मराठी मथळ्यात एवढे जोरकस आणि एवढे बेजबाबदार दुसरे अक्षर नाही. 'पूर्ववैमनस्यातून', 'किरकोळ वादातून', 'प्रेमप्रकरणातून'. या 'तून'ने कारण ठरते. पण ते कोणी ठरवले हे कुठेच सांगावे लागत नाही. 'वाद होता असे पोलिसांनी सांगितले' या वाक्याला बोलणारा आहे. 'वादातून' या शब्दाला बोलणारा नाही. तो जणू वृत्तपत्राने स्वतः तपास करून काढलेला निष्कर्ष. घटनेनंतर पहिल्या दिवशी कारण सांगणारा माणूस बहुधा एकच असतो आणि तो म्हणजे पोलीस ठाण्यातला अधिकारी. त्याची माहिती कुठून येते? गावातल्या वजनदार माणसांकडून. म्हणजे ज्यांच्यावर संशय घ्यायला हवा त्यांच्याच ओळखीपाळखीतून निघालेली कुजबूज पोलीस ठाण्यामार्गे बातमीत येते आणि 'तून' लागला की ती वस्तुस्थिती होते. खैरलांजीच्या सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांची गोष्ट अशीच शिरली. मेलेल्या बाईचे चारित्र्य हा असा तपशील आहे की त्याला पुरावा मागितला जात नाही आणि उत्तर द्यायला ती उरलेली नसते.

दुसरा मथळा अधिक सभ्य दिसतो. जमिनीचा वाद खरा होता. मग चूक कुठे? एक खरा तपशील एकटाच पुढे आणून त्याला पूर्ण कारणाचा दर्जा दिला, ही चूक. जमिनीचे वाद या जिल्ह्यात गावोगावी आहेत. बांधावरून भांडणे होतात, डोकी फुटतात, दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालतात. परंतु बांधाच्या भांडणापायी जमाव जमून आईसकट सगळी मुले संपवत नाही. म्हणजे या तपशिलाने घटनेतला सर्वात मोठा प्रश्न सुटत नाही. उलट प्रश्न होता हेच झाकले जाते.

दोन्ही मथळ्यांत आणखी एक गोष्ट सारखी आहे. 'हत्या', 'खून' ही नामे आहेत आणि त्यांना कर्ता नाही. चौघांची हत्या झाली, पण केली कोणी? मराठीत ही सोय फार आहे. माणसे 'ठार' होतात, 'बळी जातात', घरे 'जळून खाक' होतात. सगळे आपोआप. कर्ता माहीत नसेल तेव्हा हे योग्यच आहे. कर्ता माहीत असूनही तो गाळला तर बातमीतला अर्धा तपशील व्याकरणात हरवतो. खैरलांजीत कर्ता एक चोर किंवा एक वैरी नव्हता. जमाव होता. 'जमावाने' या एका शब्दाने मथळ्याची लांबी फार वाढत नाही, पण घटनेची जात बदलते.

३

तिसऱ्या मथळ्याकडे नीट पाहायला हवे, कारण तो सहज झालेला नाही. त्यात 'साक्षीदार' आणि 'दलित' असे दोन तपशील शेजारी ठेवले आहेत. माझे या लेखातले मुख्य म्हणणे हेच आहे की हे दोन तपशील सुटे केले की दोन्ही खोटे बोलू लागतात.

समजा फक्त 'दलित' ठेवले : 'दलित कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले'. जात आली, आपले समाधान झाले. पण वाचकाला दिसते ते एक निव्वळ दीन कुटुंब. ते दलित होते म्हणून मारले गेले, जणू त्या दिवशी विजेसारखा जातिद्वेष कोसळला. त्या घरातल्या दोन स्त्रियांनी काहीतरी केले होते हे त्यात नाही. गावातल्या बलवान माणसांविरुद्ध त्यांनी पोलिसांपुढे नावे सांगितली होती. कायद्याने नागरिकाला जे करायला सांगितले आहे ते त्यांनी केले. हा तपशील गेला की अत्याचार उरतो आणि प्रतिकार जातो. शिवाय संशयी वाचकाला विचारायला जागा राहते : 'दलित तर वर्षानुवर्षे तिथे राहत होते, मग त्याच दिवशी का?'

आता उलट करू. 'दलित' काढू आणि 'साक्षीदार' ठेवू : 'साक्षीदार मायलेकींसह चौघांना जमावाने ठार मारले'. 'त्याच दिवशी का' याचे उत्तर मिळाले. पण आता ही सूडाची गोष्ट झाली. कोणी कोणाविरुद्ध जबाब दिला, त्याचा राग आला, सूड घेतला. अशी वैरे सगळ्या जातींत असतात. संशयी वाचक नवा प्रश्न विचारत नाही, कारण त्याला उत्तर मिळालेले असते. प्रश्न खरे तर विचारायला हवा : हाच जबाब गावातल्या बहुसंख्य जातीच्या एखाद्या बाईने दिला असता तर तिच्या घरावर असा जमाव गेला असता काय? तिच्या मुलांनाही मारले असते काय?

हा केवळ मथळ्याचा तर्कविलास नाही. न्यायालयात नेमके हेच घडले. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने अकरा आरोपींपैकी आठ जणांना दोषी ठरवले, तिघांना सोडले. त्याच महिन्यात सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा (१९८९) या गुन्ह्याला लावला नाही. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि अत्याचार कायदा लागू होत नाही हे म्हणणे कायम ठेवले. कारण काय दिले? ही हत्या जातीमुळे नव्हे, तर पोलीस पाटलाच्या मारहाणीच्या प्रकरणात आपल्याला गुंतवले या समजातून आलेल्या सूडापोटी झाली. म्हणजे 'साक्षीदार' हा तपशील ठेवला आणि 'दलित' हा तपशील त्याच्यापासून तोडला. न्यायालयाचा निकालपत्राचा शेवटही एक सारांशच असतो. लांबलचक पुराव्यातून काय उरवायचे ते त्यालाही ठरवावे लागते.

त्या वेळच्या कायद्याची भाषाही या तोडण्याला अनुकूल होती. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना अत्याचार कायदा लावणाऱ्या कलम ३(२)(पाच) मध्ये मूळ शब्द असे होते की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' केलेला असला पाहिजे. म्हणजे दुसरे एखादे कारण दाखवता आले की जात बाजूला पडायची. जमीन, सूड, भांडण, काहीही चालत असे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, हे शब्द बदलले. आता पीडित व्यक्ती त्या जाती-जमातीची आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केलेला असणे पुरेसे आहे. कायदा ज्या चुकीतून बाहेर पडला, तीच चूक मथळा लिहिणारा 'तून' लावून रोज करतो. कायद्याला जुने शब्द सोडायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली; मथळ्याला एक अक्षर सोडायचे आहे.

४

मग कारण सांगायचेच नाही काय? वाचकाला कारण हवे असते, आणि न दिले तर तो आपल्या पूर्वग्रहातून भरून काढतो. यावर एक साधी वाट आहे. कारणाऐवजी क्रम सांगावा. 'जबाबाच्या रागातून' असे न लिहिता 'जबाब दिला होता. आरोपी जामिनावर सुटले त्याच संध्याकाळी हल्ला' असे लिहावे. या वाक्यातला प्रत्येक तुकडा कागदावर आहे. जबाबाची नोंद आहे, जामिनाचा आदेश आहे, हल्ल्याचा दिवस आहे. लेखकाने निष्कर्ष लादलेला नाही.

अर्थात क्रमही निरागस नसतो. त्याच कुटुंबाबद्दल 'रस्त्याचा वाद होता; हल्ला झाला' असाही क्रम लावता येतो. मग निवड कशी करायची? दोन प्रश्न विचारावेत. हा तपशील कागदावर किंवा पाहिलेल्या माणसाच्या तोंडी आहे का, की फक्त ऐकीव आहे? आणि हा तपशील घटनेला किती जवळचा आहे? रस्त्याचा वाद वर्षानुवर्षांचा. जामीन त्याच दिवशीचा. अनैतिक संबंधांची गोष्ट पहिल्याच प्रश्नावर पडते. रस्त्याचा वाद दुसऱ्यावर मागे पडतो. त्याला सविस्तर बातमीत जागा मिळावी, मथळ्यात नाही.

शब्दही तपासून घ्यावा लागतो. आपल्यापैकी अनेकजण 'साक्ष दिली म्हणून मारले' असे लिहितात. मायलेकींनी न्यायालयात साक्ष दिलेली नव्हती. खटला तिथवर पोहोचलाच नव्हता. त्यांनी पोलिसांना जबाब दिला होता आणि पुढे त्या साक्षीदार ठरणार होत्या. 'साक्षीदार' हा शब्द बरोबर आहे, 'साक्ष दिली' हा नाही. फरक बारीक वाटेल. पण विरोधी पक्षाला आपल्या मजकुरातली एक चूक पुरते. ती दाखवून तो उरलेले सगळे बाजूला सारतो.

आरोपींच्या जातीचेही असेच आहे. कायद्याच्या दृष्टीने आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत हा तपशील आवश्यक आहे. तो नसेल तर अत्याचार कायद्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून दोन ओळींत तो राहिला पाहिजे. परंतु 'सवर्णांनी मारले' हा आपला तयार शब्द इथे वापरताना थांबावे. खैरलांजीतल्या प्रबळ जाती सरकारी यादीत इतर मागासवर्गीय आहेत. 'सवर्ण' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर ब्राह्मण-मराठा येतो आणि गावातली खरी सत्ता कोणाच्या हाती आहे हे पुन्हा झाकले जाते. दुसऱ्या टोकाला, 'कुणब्यांनी मारले' असे लिहिले तर सबंध जात कर्ता होते. तेही खरे नाही आणि न्याय्यही नाही. 'आरोपी गावातील दलितेतर जातींचे' एवढे पुरते.

गावाच्या नावाबरोबर जिल्हा हवा. खैरलांजी नावाचे तहसीलचे ठिकाण शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातही आहे, आणि गोंदियाकडच्या वाचकाचा तिकडे रोजचा संबंध.

हे सगळे जमेला धरून सारांश असा होईल :

'साक्षीदार दलित मायलेकींसह चौघांना जमावाने ठार मारले'

'खैरलांजी (ता. मोहाडी, जि. भंडारा) येथे २९ सप्टेंबरला, मारहाणीचे आरोपी जामिनावर सुटले त्याच संध्याकाळी भोतमांगे कुटुंबावर हल्ला झाल्याचे वाचलेले भैयालाल भोतमांगे सांगतात. मायलेकींनी या आरोपींविरुद्ध पोलिसांना जबाब दिला होता. आरोपी गावातील दलितेतर जातींचे आहेत.'

यात शेतीचा रस्ता नाही, मुलांचे शिक्षण नाही, कालवा नाही, चौघांची नावे नाहीत. कालवा काढताना हात थबकतो, कारण तो चित्र उभे करतो. पण तो नसल्याने वाचकाचा काही गैरसमज होत नाही. 'साक्षीदार' नसेल तर होतो. कसोटी हीच : हा तपशील काढला तर वाचक काय चुकीचे समजेल? चुकीचे काही समजणार नसेल तर तपशील कितीही हृदयद्रावक असो, तो आतल्या मजकुरात जावा. 'भैयालाल सांगतात' हे शब्द मात्र जागा खाऊनही राहिले पाहिजेत. पोलिसांच्या सांगण्याला जसा मालक हवा तसा आपल्या माणसाच्या सांगण्यालाही हवा.

५

सर्वात अवघड तपशिलाकडे येऊ. स्त्रियांवर बलात्कार झाला असा आरोप अनेक सत्यशोधन समित्यांनी मांडला. पहिल्या शवविच्छेदनात त्या दृष्टीने योग्य तपासणी झाली नाही, अशी गंभीर तक्रार होती. पुढे पुरलेला मृतदेह उकरून पुन्हा तपासणी झाली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. खटल्यात बलात्कार सिद्ध झालेला धरला गेला नाही.

आपली तेव्हाची अनेक पत्रके या एकाच तपशिलावर उभी होती. संताप समजण्यासारखा आहे. पण सारांशाच्या दृष्टीने काय झाले पाहा. मथळ्यात सर्वात मोठ्या अक्षरात जे ठेवले तेच न्यायालयात टिकले नाही, आणि लगेच 'सगळेच अतिरंजित होते' असे म्हणायला लोक मोकळे झाले. चार माणसांची जमावाने केलेली हत्या तर कोणी नाकारलेली नव्हती! पुरावा हेळसांडीने नष्ट झाला असेल तर 'पुरावा नीट घेतला नाही' हीच बातमी आहे आणि ती मथळ्यात बसते : 'शवविच्छेदन अपुरे, फेरतपासणीची मागणी'. जे सिद्ध नाही ते 'आरोप' या शब्दासह आणि आरोप करणाऱ्याच्या नावासह दुसऱ्या ओळीत जावे. गाळू नये, कारण गाळले तर आरोप झालाच नव्हता असे वाटते. आणि सिद्ध म्हणून मिरवूही नये.

सारांश जुनाही होतो, हे आपण विसरतो. २००८ चा मथळा 'सहा जणांना फाशी' असा होणे स्वाभाविक होते. शिक्षा हा सर्वात ठसठशीत तपशील. पण अत्याचार कायदा लागला नाही हा त्याच निकालाचा तपशील दुसऱ्या ओळीत राहिला नसेल, तर वाचक न्याय झाला असे समजून वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. मग २०१० ला 'फाशी रद्द' वाचून त्याला धक्का बसतो, जणू काही अचानक घडले. धक्का बसण्याचे कारण नव्हते. पहिल्या निकालातच जात बाहेर ठेवलेली होती. निकालाच्या सारांशासाठी म्हणून वेगळा नियम करावा लागतो : मथळ्यात शिक्षा आली तर दोन ओळींत कलमे आणि न्यायालयाने दिलेले कारण आलेच पाहिजे.

भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात वारले. अशा वेळी सारांशात सहज लिहिले जाते की 'कुटुंब गमावलेले' भैयालाल गेले. 'गमावणे' हे क्रियापद पैशाला, संधीला, सामन्याला चालते. त्यांनी कुटुंब गमावले नव्हते. त्यांचे कुटुंब मारले गेले होते. दोन शब्दांचा फरक आहे, आणि जागा सारखीच लागते.

६

आपला वार्ताफलक किंवा पत्रक लिहिणाऱ्याने हे काम कसे करावे ते थोडक्यात सांगतो. लांब मजकूर घेऊन त्यातले प्रत्येक विधान सुट्या ओळीवर लिहावे आणि समोर ते कोणाचे आहे हे टिपावे : पोलीस, फिर्यादी, पाहिलेला माणूस, न्यायालय, की कोणाचेच नाही. 'कोणाचेच नाही' अशी जी विधाने निघतील, त्यांत बहुतेक सगळी कारणे सापडतात. ती प्रथम बाजूला काढावीत. मग कर्ता, कृती, पीडित आणि ठिकाण यांची मथळ्यात मांडणी करावी. पीडिताने घटनेआधी काही केले असेल, जसे तक्रार, जबाब, निवडणुकीचा अर्ज, मजुरीची मागणी, तर ते जातीच्या शब्दाला जोडूनच ठेवावे, सुटे नाही.

शेवटी सारांश अशा माणसाला वाचायला द्यावा ज्याने मूळ बातमी वाचलेली नाही, आणि त्याला विचारावे : कोणी मारले, कोणाला, त्याच दिवशी का, आणि हे सगळे सांगते कोण? त्याच्या उत्तरात मूळ मजकुरात नसलेले काही आले तर दोष त्याचा नसतो. ते आपल्या शब्दांनी त्याच्या मनात घातलेले असते.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन ओळी कितीही नीट लिहिल्या तरी त्या मूळ मजकुराहून अधिक खऱ्या होऊ शकत नाहीत. वार्ताहर गावात न जाता पोलीस ठाण्यातूनच बातमी घेऊन आला असेल, तर 'साक्षीदार' हा शब्द त्याच्या सातशे शब्दांतही नसेल आणि उपसंपादकाच्या हाती कसोटी असूनही लावायला काही नसेल. २ ऑक्टोबर २००६ रोजी, हत्याकांडानंतर तिसऱ्या दिवशी, धम्मदीक्षेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त लाखो लोक नागपुरात दीक्षाभूमीवर जमलेले होते. खैरलांजी तिथून फार दूर नाही. तरी भंडारा, नागपूर आणि इतरत्र लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर आले ते नोव्हेंबरात. मधल्या महिन्यात बातमी होती. तिच्यातला एक शब्द नव्हता. तो शब्द पुढे आणला तो गावात जाऊन भैयालालना भेटलेल्या माणसांनी. मथळा कचेरीत लिहिला जातो हे खरे, पण त्यात काय उरू शकते हे त्याआधी गावात कोण गेले, त्याने कोणाला विचारले आणि काय टिपून आणले, यावर ठरलेले असते.